तासांचं वर्गीकरण फायनान्सला पाठवण्याआधीची तयारी (वापरायोग्य तारीख आधी लिहा)

मागच्या क्वार्टरला टीमचे तास नवीन फीचर आणि मेंटेनन्स असे वेगळे करून मी पाठवले आणि ऑडिटरने बघितल्यावर ते सगळे परत आले, त्यामुळे आता तयारी कशी करायची ते लिहून ठेवतेय. टाइमशीट भरून घ्या, मॅनेजरचं अप्रूव्हल घ्या, सुट्ट्या वेगळ्या काढा, हे सगळ्यांना माहीतच आहे.

सगळ्यात आधी प्रत्येक फीचरची वापरायोग्य झाल्याची तारीख लिहून घ्या. मी हेच विसरले होते. म्हणजे महत्त्वाचं टेस्टिंग संपलं आणि सॉफ्टवेअर ठरलेल्या कामासाठी वापरता येईल अशा स्थितीत आलं तो दिवस. ती एपिकवर वेगळ्या फील्डमध्ये असू द्या, कुणाच्या डोक्यात किंवा चॅटमध्ये नको.

का, ते आमच्याच उदाहरणावरून सांगते. हप्त्याने पैसे भरायची सोय बांधली, एपिकखाली एकूण 1,120 तास पडले. पर्याय तपासायचे 140 तास मी बरोबर खर्चात टाकले, उरलेले 980 कॅपिटल, म्हणजे लगेच खर्च न धरता मालमत्ता म्हणून पाठवले, कारण एपिकवर ‘नवीन फीचर’ लेबल होतं आणि खालच्या प्रत्येक तिकिटाने ते आपोआप उचललं. आता त्या 980 मध्ये काय होतं बघा: डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग मिळून 610, जुना डेटा नव्या टेबलांत हलवायला 60, सपोर्टच्या लोकांना शिकवायला 30, आणि फीचर चालू झाल्यावर आलेले बग सोडवायला 280. कॅपिटल होते फक्त 610. बाकीचे 370 तास खर्चातच जायला हवे होते, तेवढ्याने नफा जास्त दिसत होता!

यातली खरी गोची बगची आहे. बग म्हणजे मेंटेनन्स असं सरसकट धरू नका. टेस्टिंगमध्ये सापडलेला बग त्या तारखेच्या आधी दुरुस्त केला तर ते बांधणीचंच काम, कॅपिटल. तस्साच बग तारखेनंतर दुरुस्त केला तर मेंटेनन्स. तिकिटाचा प्रकार तोच, माणूस तोच, बाजू ठरवते ती तारीख. म्हणून परत सांगते, तारीख लिहा.

आणि तारीख म्हणजे सगळ्या युजर्सना फीचर उघडलं तो दिवस नव्हे. आम्ही आधी थोड्या लोकांना दिलं, दोन आठवड्यांनी सगळ्यांना, आणि मी नंतरची तारीख धरून बसले होते. टेस्टिंग पूर्ण झालेलं असेल तर टप्प्याटप्प्याने उघडल्याने तारीख पुढे जात नाही. पहिला टप्पा खरोखर टेस्टिंगचाच भाग होता असं म्हणायचं असेल तर ते फायनान्सशी आधीच बोलून कारणासकट लिहून ठेवा, नंतर आठवून सांगितलेलं कुणी धरत नाही. अमॉर्टायझेशन, म्हणजे ती कॅपिटल रक्कम पुढच्या काळात थोडी थोडी खर्चात टाकणं, तेही तिथूनच सुरू होतं, म्हणजे एक तारीख चुकली की दोन आकडे चुकतात.

तास मोजताना वर्कलॉगचा दिवस बघा, तिकीट उघडल्याचा किंवा बंद केल्याचा नको. जिरात `worklogDate` ने शोधलं तर त्या काळात लॉग असलेली तिकिटं मिळतात, फक्त त्या काळातले तास नाही, आणि मी तिकिटांची बेरीज सरळ उचलली होती. तारखेच्या दोन्ही बाजूंना काम झालेलं तिकीट असेल तर एकेक लॉग बघून तोडावंच लागतं, कंटाळा आला तरी.

मग सुधारणांचे तास. चालू सॉफ्टवेअरमध्ये जे आधी करता येत नव्हतं ते आता करता येतंय का, एवढंच विचारा. लायब्ररी अपग्रेड, कोड नीट लावणं, सर्व्हर हलवणं, यात नवीन काही करता येत नसेल तर मेंटेनन्स, मग त्यात तीन आठवडे का गेले असेनात. डेव्हलपर इथे हमखास वाद घालतात कारण मेंटेनन्स म्हटलं की काम हलकं झालं असं वाटतं, तसं अजिबात नाही, त्यांना आधीच समजावून सांगा.

लॉगमध्ये ‘फिक्सेस’, ‘मिसलेनियस’ असं एका शब्दात चालवून घेऊ नका, काय केलं ते एक वाक्य तरी हवं. आणि ऐंशी-वीस असा अंदाजी भाग पाडून मोकळं होऊ नका, ऑडिटर एकच तिकीट उचलतो आणि पुरावा मागतो.

बाकी, कुठले नियम लागू आहेत ते विचारून घ्या (आयएएस 38 आणि अमेरिकेचे नियम तंतोतंत सारखे नाहीत), सर्वसाधारण मीटिंग आणि प्रशासनाचे तास कॅपिटलमध्ये नकोत, महिना बंद झाला की लॉग लॉक करा. पाठवायच्या आधी ज्या एपिकचं तारखेचं फील्ड रिकामं आहे ते सगळे काढून बघा, आणि एक जरी रिकामं असेल तर फाइल पाठवू नका.