अ‍ॅबनॉर्मल गेन असलेला प्रोसेस कॉस्टिंगचा प्रश्न कसा सोडवावा

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वर्गात संध्याकाळी मी बी.कॉम. आणि सीएमएच्या विद्यार्थ्यांना कॉस्टिंग शिकवतो. प्रोसेस कॉस्टिंगमधला नॉर्मल लॉस त्यांना कळतो आणि समतुल्य एककेही, म्हणजे इक्विव्हॅलंट युनिट्सही, कळतात. पण दोन्हींच्या जोडीला अ‍ॅबनॉर्मल गेन आला की चांगल्या विद्यार्थ्याचाही हात थांबतो. उत्तरपत्रिकेत गेनच्या आकड्यापुढे आधी अधिकचे चिन्ह लिहिलेले, मग ते खोडून वजाचे केलेले आणि पुन्हा अधिकचे केलेले मी अनेकदा पाहिले आहे. हे चिन्ह वजाचेच का असते हे एकदा मनात पक्के बसले की बाकीचा प्रश्न सरळ आहे, म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन तेवढेच नीट उलगडून दाखवतो.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत असतात तशा एखाद्या रसायन कारखान्यातली दुसरी प्रक्रिया डोळ्यांसमोर आणावी. पहिल्या प्रक्रियेतून ११,००० लिटर द्रव आला असून त्याची किंमत ४,२४,००० रुपये आहे. दुसऱ्या प्रक्रियेत ६१,८०० रुपयांचा आणखी माल घातला, मजुरी १,०१,००० रुपये झाली आणि ओव्हरहेड ५०,५०० रुपये आले. महिन्याच्या सुरुवातीला अपूर्ण माल नव्हता. अखेरीस १,००० लिटर अपूर्ण राहिला, ज्यात दुसऱ्या प्रक्रियेचा माल ८० टक्के आणि मजुरी व ओव्हरहेड ६० टक्के लागले आहेत. पूर्ण होऊन पुढे गेलेला माल ९,६०० लिटर आहे. प्रक्रियेतून पार पडलेल्या मालाच्या ५ टक्के घट नॉर्मल धरायची असून वाया गेलेला द्रव लिटरला ८ रुपयांनी विकला जातो.

पहिली पायरी फक्त लिटरची आहे, आणि तिथे रुपयाला हातही लावू नये. ५ टक्के कशाचे, हे प्रश्नाच्या शब्दांवरून ठरवावे. येथे ‘पार पडलेल्या मालाच्या’ असे म्हटले आहे, म्हणून अखेरचा अपूर्ण माल वगळावा लागतो, कारण ते १,००० लिटर अजून टाकीतच आहेत आणि त्यांची तपासणी झालेली नाही. ११,००० वजा १,००० म्हणजे १०,००० लिटर, आणि त्याचे ५ टक्के म्हणजे ५०० लिटर नॉर्मल लॉस. प्रश्नात ‘आत घातलेल्या मालाच्या ५ टक्के’ असे असते, तर हाच आकडा ५५० झाला असता आणि पुढचा सगळा प्रश्न बदलला असता. घाईत वाचणाऱ्यांचे गुण बहुधा याच ओळीत जातात, म्हणून तिच्याखाली पेन्सिलने रेघ ओढण्याची सवय लावावी.

आता ताळा घ्यावा. पूर्ण माल ९,६००, नॉर्मल लॉस ५०० आणि अपूर्ण माल १,००० मिळून ११,१०० लिटर होतात, पण आत तर ११,००० लिटरच आले होते. हे जास्तीचे १०० लिटर म्हणजे अ‍ॅबनॉर्मल गेन. प्रत्यक्ष घट ४०० लिटरच झाली, अपेक्षा ५०० लिटरची होती. प्रक्रियेत नवा द्रव कोठूनही तयार झाला नाही, हे विसरू नये.

दुसरी पायरी समतुल्य एककांची. पूर्ण झालेला प्रत्येक लिटर एक पूर्ण एकक मानला जातो. नॉर्मल लॉसला एकही एकक मिळत नाही, कारण त्याचा खर्च चांगल्या मालानेच सोसायचा असतो. अखेरच्या अपूर्ण मालाला जेवढे काम झाले तेवढीच एकके मिळतात. अ‍ॅबनॉर्मल गेन मात्र सर्व घटकांसाठी १०० टक्के पूर्ण धरून वजा करतात.

| तपशील | पहिल्या प्रक्रियेचा माल | दुसऱ्या प्रक्रियेचा माल | मजुरी व ओव्हरहेड |
|---|---|---|---|
| पूर्ण माल | ९,६०० | ९,६०० | ९,६०० |
| अखेरचा अपूर्ण माल | १,००० | ८०० | ६०० |
| वजा: अ‍ॅबनॉर्मल गेन | १०० | १०० | १०० |
| समतुल्य एकके | १०,५०० | १०,३०० | १०,१०० |

वजा का, हा प्रश्न वर्गात दर वर्षी विचारला जातो आणि तो योग्यच आहे. कॉस्टिंगमध्ये प्रति लिटर दर काढायचा असतो तो नेहमीसारख्या महिन्याचा, म्हणजे ५०० लिटर घट झाली असती तर जो आला असता तो. तसे झाले असते तर पूर्ण माल ९,६०० ऐवजी ९,५०० लिटर निघाला असता, आणि त्यात अखेरचे १,००० मिळवले की १०,५०० हाच आकडा येतो. याचा अर्थ असा की गेन वजा करून आपण प्रत्यक्षातला महिना बाजूला ठेवतो आणि नेहमीचा महिना परत उभा करतो. अनपेक्षित बचतीमुळे दर खाली येऊ नये, ती बचत वेगळी दिसावी, यासाठीच ही सगळी रचना आहे.

तिसरी पायरी दराची. भंगाराचे पैसे पहिल्या प्रक्रियेच्या मालातून वजा करायचे, आणि ते नॉर्मल लॉसच्या पूर्ण ५०० लिटरचे, म्हणजे ४,००० रुपये. प्रत्यक्षात ४०० लिटरच विकले गेले असले तरी येथे ३,२०० घेऊ नयेत, कारण दर नेहमीच्या महिन्याचा आहे आणि त्या महिन्यात ५०० लिटर विकले गेले असते. मग ४,२०,००० भागिले १०,५०० म्हणजे ४० रुपये, ६१,८०० भागिले १०,३०० म्हणजे ६ रुपये, १,०१,००० भागिले १०,१०० म्हणजे मजुरीचे १० रुपये आणि ५०,५०० भागिले १०,१०० म्हणजे ओव्हरहेडचे ५ रुपये. एका पूर्ण लिटरचा दर ६१ रुपये झाला.

या दराने पूर्ण मालाचे मूल्य ५,८५,६०० रुपये आणि अ‍ॅबनॉर्मल गेनचे ६,१०० रुपये येते. अपूर्ण मालाला सरसकट ६१ लावू नये. त्याचे ४०,०००, ४,८०० आणि ९,००० असे घटकवार तीन आकडे करून ५३,८०० रुपये घ्यावेत.

प्रक्रिया खात्याच्या नावे बाजूला चारही खर्च मिळून ६,३७,३०० आणि अ‍ॅबनॉर्मल गेनचे ६,१००, असे ६,४३,४०० रुपये येतात. जमा बाजूला नॉर्मल लॉसचे ४,०००, पूर्ण मालाचे ५,८५,६०० आणि अपूर्ण मालाचे ५३,८०० येतात, व त्यांचीही बेरीज ६,४३,४०० च होते. लिटरच्या रकान्यातही दोन्हीकडे ११,१०० हवेत.

हा लिटरचा रकाना पुष्कळ विद्यार्थी रिकामा ठेवतात, आणि माझ्या मते ती या प्रश्नातली सर्वात महाग चूक आहे. समजा, एखाद्याने गेन पूर्णपणे विसरून १०,६००, १०,४०० आणि १०,२०० अशी एकके घेतली. त्याचा दर चुकेल, पण सगळा खर्च पूर्ण आणि अपूर्ण मालावर वाटला गेल्यामुळे रुपयांची बेरीज पैशांच्या किरकोळ फरकाने जुळेल आणि उत्तर बरोबर आल्याचे समाधान वाटेल. चूक पकडते ती लिटरची बेरीज, कारण नावे बाजूला ११,००० आणि जमा बाजूला ११,१०० दिसतात. उलट ज्याने गेन वजा न करता मिळवला, त्याचे रुपयेच जुळत नाहीत आणि तो निदान मागे वळून पाहतो. भंगाराचे ४,००० ऐवजी ३,२०० घेणाऱ्याचे मात्र दोन्ही रकाने जुळतात. त्याने नॉर्मल लॉसच्या ओळीत ३,२०० भागिले ५०० करून पाहावे. उत्तर ८ ऐवजी ६.४० आले, तर चूक तेथेच आहे.

उरलेली दोन खाती थोडक्यात होतात. नॉर्मल लॉस खात्याच्या नावे बाजूला ४,००० आहेत. जमा बाजूला ४०० लिटरच्या विक्रीचे ३,२०० आणि अ‍ॅबनॉर्मल गेन खात्याकडून १०० लिटरचे ८०० येतात. ते १०० लिटर वाया गेले नाहीत, म्हणून भंगार म्हणून विकता आले नाहीत, आणि त्या बुडालेल्या उत्पन्नाचा भार गेननेच उचलायचा. म्हणून गेन खात्यात ६,१०० मधून ८०० गेले की उरलेले ५,३०० रुपये कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात जातात. ६,१०० जसेच्या तसे नफा-तोटा खात्यात नेणे ही दुसरी नेहमीची चूक आहे.

परीक्षेबाहेर, खऱ्या कारखान्यात, गेन दिसला म्हणून लगेच कामगारांची शाबासकी करू नये. द्रव गरम असताना लिटरमध्ये मोजला तर तो फुगलेला असतो आणि थंड झाल्यावर कमी भरतो. शिवाय ५ टक्क्यांचे प्रमाणच जुन्या यंत्रावरून ठरवलेले असू शकते. दर महिन्याला गेन येत असेल, तर तो अ‍ॅबनॉर्मल राहिलेलाच नसतो, आणि प्रमाण बदलायला हवे.

सुरुवातीचा अपूर्ण माल दिला असेल आणि फिफो पद्धत सांगितली असेल, तर काय बदलते तेही पाहू. समजा, सुरुवातीला ६०० लिटर अपूर्ण होते, ज्यात दुसऱ्या प्रक्रियेचा माल ५० टक्के आणि मजुरी ४० टक्के लागली होती, आणि महिन्यात १०,४०० लिटर नवे आले. बाकी आकडे तेच. पार पडलेला माल ६०० अधिक १०,४०० वजा १,०००, म्हणजे पुन्हा १०,००० लिटर, आणि गेनही १०० च. फरक एवढाच की ९,६०० चे दोन तुकडे करायचे: जुन्या ६०० लिटरवर राहिलेले काम आणि नव्याने घेऊन पूर्ण केलेले ९,००० लिटर. जुन्या लिटरना पहिल्या प्रक्रियेच्या मालाचे शून्य, दुसऱ्याचे ३०० आणि मजुरीचे ३६० एकके मिळतात. गेन पूर्वीप्रमाणेच तिन्ही रकान्यांत १०० वजा होतो, म्हणून एकके अनुक्रमे ९,९००, १०,००० आणि ९,८६० येतात. पहिल्या रकान्याची खात्री एका ओळीत करता येते: नव्याने आलेल्या लिटरमधून नॉर्मल लॉस वजा करावा. १०,४०० वजा ५०० म्हणजे ९,९००. आधीच्या उदाहरणातही ११,००० वजा ५०० म्हणजे १०,५०० च होते, आणि गेनचे चिन्ह उलटे लागले असेल तर हा आकडा २०० नी जास्त निघून चूक लगेच समोर येते.