सोफ्याचं कापड फाडायला सांगायच्या आधी

आई,

रविवारी घाईत निघाले, बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय. फोनवर सांगितलं की तू "हो हो" म्हणतेस आणि दुकानात जाऊन वेगळंच करतेस. तीनही तुकडे मी हाताला लावून बघितलेत, माझं मत खाली आहे, पण त्याआधी एक काम कर. संध्याकाळी सातनंतर, हॉलमधली ट्यूब लावून, तुकडे सोफ्यावर ठेवून बघ. दुकानात नाही, गॅलरीत नाही, आणि मोबाईलवर फोटो काढून मला पाठवून तर मुळीच नाही, मोबाईल स्वतःच्या मनाने रंग बदलतो.

का सांगतेय तर माझा पुण्यातला सोफा तू बघितलायस. सगळ्यांना वाटतं मी हौसेने जांभळट घेतला. अगं, मी राखाडी घेतला होता! दुकानात पिवळे दिवे होते, त्यात तो छान उबदार राखाडी दिसत होता, मी उत्साहात बारा मीटर फाडायला सांगितलं. घरी पांढऱ्या ट्यूबखाली पसरलं तर वांग्याच्या सालीसारखी झाक. दुकानदार म्हणाला ताई, फाडलेलं कापड परत होत नाही, आणि त्याचंही बरोबरच होतं. कापडाचा रंग दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो, एका दिव्यात ते मिळून येतात, दिवा बदलला की त्यातला एक डोकं वर काढतो. दिवसा ठीक वाटतो माझा सोफा. पण दिवसा घरात असतं कोण? आपण सोफ्यावर बसतो संध्याकाळीच, म्हणून संध्याकाळचा रंग तोच खरा रंग. रात्री बघ. ट्यूब लावून.

आता बघायचं कसं. ते तुकडे पांढऱ्या कार्डावर स्टेपल केलेत ना, ते आधी काढ, पांढऱ्याशेजारी कुठलाही रंग गडदच वाटतो. आणि चार इंचाच्या तुकड्यावरून बारा मीटरचा निर्णय होत नाही गं. ज्याच्याकडे मन जातंय त्याचं अर्धा मीटर विकत घे, सहाशेचं कापड असेल तर तीनशे रुपये जातील, जाऊ देत, नंतर त्याचा उशीचा अभ्रा होईल. तो तुकडा टेबलावर आडवा ठेवून बघू नकोस, सोफ्याच्या पाठीवर उभा टाक, मागे आपली पिस्ता भिंत येईल असा. ही भिंत भारी लबाड आहे, हिरव्याशेजारी साधा मातकट रंगसुद्धा गुलाबीकडे झुकल्यासारखा दिसतो. गुलाबी दिसला तर तो दोष कापडाचा नाही, पण बसायचं तर त्याच भिंतीसमोर आहे. आणि दुपारी चार-साडेचारलाही एकदा बघ, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तीन सीटवर पडतं तेव्हा. ही एक वेळ झाली. दुसरी, आणि मुख्य, रात्रीची.

आता तुकडे. मोरपंखी मखमल तुला आवडलीय, मला कळलं, तू तीनदा गालाला लावलीस. सुंदर आहेच. पण हात फिरवून बघ, एका दिशेने फिकी, उलट दिशेने गडद. माणूस उठला की बसल्याचा ठसा तसाच राहतो आणि दिवसभर तू हाताने सारखा करत बसशील. शिवाय बाबा! जेवण झालं की डोकं मागे टेकून बातम्या, आणि डोक्याला खोबरेल. आत्ताच्या सोफ्यावर पाठीला जो काळपट गोल झालाय तो मखमलीवर महिनाभरात होईल, आणि मखमल घासून धुता येत नाही, लव बसते. आणि हा गडद रंग त्या खिडकीच्या उन्हात विटला की फरक लगेच कळेल, पाठ फिकी आणि सीटखालची कड गडद.

चॉकलेटी रेक्झिनबद्दल दोनच वाक्यं. पुसायला सोपं, पण एप्रिल-मेमध्ये पाठ चिकटते. आणि आपल्या जेवणाच्या खुर्च्यांचं रेक्झिन आठव, चार पावसाळ्यांत वरचा पापुद्रा सुटायला लागला, कुर्त्याला काळे कण चिकटायचे. दमटपणाने तो थर आतून कुजतो, कितीही पुसलं तरी थांबत नाही. नको.

राहिला मातकट, जाड विणीचा, लिननसारखा दिसणारा. माझं मत हाच. दुकानात दिसला तेव्हा तुला गोणपाट वाटला, वाटू दे, सागवानी फ्रेमशेजारी तो बसेल, त्यात दोन-तीन शेडचे धागे आहेत म्हणून धूळ आणि छोटे डाग लपतात, आणि पॉलिस्टर जास्त असल्याने ओल्या फडक्याने पुसता येतो. पण परीक्षा घे. त्या अर्ध्या मीटरच्या कोपऱ्यावर मिसळीच्या तर्रीचा एक थेंब टाक, हो, मुद्दाम, दहा मिनिटं थांब आणि टिपून घे, घासू नकोस. साबण लावलास की हळदीचा डाग लाल होतो, घाबरू नकोस, साबण निघाला की परत पिवळा पडतो आणि पुढे उन्हात कमी होतो. तेलकट गोल उरला नाही तर कापड पास. दुसरं, नखाने एक धागा उचलून बघ, सहज ओढला जात असेल तर नाही, कारण मनी तिथेच नखं घासते. कॅटलॉगच्या मागे मार्टिनडेल म्हणून घासण्याचा आकडा असतो, आपल्या रोजच्या वापराला वीस हजारच्या वर बघ. पाठीकडून विरळ दिसतंय का ते उजेडासमोर धरून कळतंच.

आणि हे सगळं पास झालं तरी ट्यूबखाली जांभळट, हिरवट, काहीही झाक दिसली, तर नाही म्हणजे नाही. "होईल सवय" असं म्हणायचं नाही. मला दोन वर्षांत झाली नाही.

माप कारागिरालाच घेऊ दे, तूच दुकानात अंदाजाने सांगू नकोस. कापडाचा पन्हा चोपन्न इंच असेल तर थ्री सीटर आणि दोन सिंगलला तो बारा मीटरच्या आसपास सांगेल, मखमलीलाच मन अडकलं तर लव एकाच दिशेला ठेवावी लागते म्हणून आणखी जास्त. सगळं एकाच रोलमधून, एकाच दिवशी, वर एक मीटर जादा, हातांची कव्हरं शिवायला. नंतर आणलेला दुसरा लॉट जुळत नाही.

फोम दाबून बघ. बाकी शिलाई, टाके, पायपिंग ते कारागीर बघेल. पैसे अर्धे आधी, अर्धे नंतर. जुनी कव्हरं फेकू नकोस, त्याला कटिंगच्या मापाला लागतात, मागच्या वेळी तू पोछे केलेस. २०२७ च्या सिंहस्थाला मामाकडचे सगळे उतरणार, तोवर होऊ दे, पण घाई नको.

आज सातला बघ आणि फक्त एक शब्द कळव. ट्यूब लावूनच!

तुझी,
ठमी