उत्तराला चार दिवस लागणार असतील तर आजच दोन ओळी पाठवा

सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळताना शिकलेली गोष्ट. मेंबर विचारतो, माझी मेंटेनन्सची थकबाकी नक्की किती, आणि मागची तीन वर्षं तपासायची तर अकाउंटंट येतो फक्त शनिवारी. आधी मी आकडा मिळेपर्यंत गप्प बसायचो, मग समोरच्याला वाटायचं मेसेज बघितलाच नाही आणि रोज फोन. आता त्याच दिवशी लिहितो:

"काका, मेसेज मिळाला. शनिवारी खातं तपासून घेतो, सोमवारी रात्री ८ पर्यंत थकबाकीचा आकडा आणि वर्षवार हिशेब पाठवतो. व्याज माफीचं मात्र कमिटी मीटिंगमध्येच ठरेल, ते यात नसेल. तुमच्याकडे मार्चची पावती असेल तर फोटो आजच टाका."

"बघून सांगतो" लिहू नका, त्यात वारच नसतो. काम शनिवारी होणार असलं तरी वार सोमवारचा द्यायचा, कारण अकाउंटंट दांडी मारतोच कधीतरी. आणि पावती आजच मागायची, नाहीतर शनिवारी तिच्यावाचून अडतं आणि अख्खा आठवडा जातो. सोमवार चुकणार असं दिसलं तर रविवारीच नवा वार कळवा, त्याने विचारायच्या आधी.