'कोण असेल?' : दहा वर्षांच्या मुलांसाठी चिठ्ठ्यांचा खेळ

आठ-दहा मुलं, सोसायटीचा हॉल किंवा चाळीतली गच्ची, कोरे कागद, पेन्सिली आणि पाऊण तास एवढ्यात हा खेळ होतो. मुलांनी एका माणसाचं वर्णन ऐकायचं आणि त्या माणसाचं चित्र काढायचं. चित्रात पुरुष आला की बाई, ते शेवटी मोजायचं.

कल्पना जुनी आहे. डेव्हिड चेंबर्स यांनी 1983 मध्ये छापलेल्या अभ्यासात 4807 मुलांनी शास्त्रज्ञाचं चित्र काढलं होतं. त्यांपैकी बाई दाखवली फक्त 28 जणांनी, आणि त्या सगळ्या मुली होत्या.

मराठीत हा खेळ करताना पहिली अडचण क्रियापदाची येते. 'मी गाडी चालवते' म्हटलं की उत्तर फुटलंच. म्हणून वर्णन 'मला' आणि 'लागतं' वापरून लिहा. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळही चालतो, कारण 'मी ब्रेक लावला' हे बाई आणि पुरुष सारखंच म्हणतात. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' मात्र टाळा. लिहून झालं की मोठ्याने वाचा. चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

एक चिठ्ठी अशी करता येईल: 'मला पहाटे साडेतीनला उठावं लागतं. माझ्यासमोर रूळ, पाठीमागे बारा डबे. लाल सिग्नल दिसला की थांबायचं.' ही मुंबईची मुलं, त्यामुळे 'मोटरमन!' असं लगेच ओरडतील. ओरडू द्या, पण चित्र पूर्ण करून घ्या. नुसती काडीची माणसं काढली तर काहीच कळत नाही, म्हणून चित्राखाली त्या माणसाचं नाव लिहायला सांगा. मग सुरेखा यादव यांचा फोटो दाखवा. साताऱ्याच्या या बाई 1988 मध्ये देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, 2000 मध्ये त्यांनी मुंबईत लेडीज स्पेशल लोकल चालवली आणि 2023 मध्ये वंदे भारत. 'मोटरमन' या शब्दातच 'मन' म्हणजे पुरुष बसलाय, हे एखादं मूल स्वतःहून म्हणालं तर तिथे थोडं थांबा.

अशा आठ चिठ्ठ्या पुरतात. पण सगळी उत्तरं उलटी ठेवू नका. तसं केलं तर चौथ्या चिठ्ठीपर्यंत मुलं युक्ती ओळखतात, चित्र काढण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघतात आणि तुम्हाला हवं ते काढतात. मग ती मोजदाद निरुपयोगी. तीन उत्तरं नेहमीची असू द्या, तीन अनपेक्षित, आणि दोन चिठ्ठ्यांसाठी बाई आणि पुरुष दोघांचेही फोटो ठेवा. नर्सची चिठ्ठी या शेवटच्या दोनांत चांगली बसते.

दुसरी फेरी छोटी, पण खरी मजा इथेच आहे. फळ्यावर दोन रकाने आखा: 'घरी कोण करतं' आणि 'बाजारात कोण करतं'. खाली तीन कामं लिहा: स्वयंपाक, कपडे धुणं, शिवण. पहिल्या रकान्यात बहुतेक मुलं 'आई' किंवा 'आजी' लिहितात. दुसऱ्यात उडपी हॉटेलातले आचारी, महालक्ष्मीच्या धोबीघाटावरचे धोबी आणि नाक्यावरचा शिंपी येतात, म्हणजे बहुतेक पुरुष. आता 'असं का?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. कोणीतरी 'तिथे ताकद लागते' म्हणेल. मग घरी ओल्या चादरी कोण पिळतं, पाण्याची बादली कोण उचलतं, ते विचारा. 'तिथे पैसे मिळतात' हे उत्तर येतंच, थोडं उशिरा. ते तुम्ही आधी सांगून टाकू नका.

तिसऱ्या फेरीत हातांना काम द्यायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. मुलं विरुद्ध मुली असे संघ कधीच नकोत. ज्या रेषा पुसायला बसलो, त्याच त्याने गडद होतात. प्रत्येक जोडीला तीन कामं द्या: शर्टाला बटण लावणं, एक वाटी कणीक मळणं, आणि वायर न जोडलेला तीन पिनांचा प्लग स्क्रू ड्रायव्हरने उघडून पुन्हा बंद करणं. कणकेला अर्धी वाटी पाणी लागतं, पण थोडं थोडं घालायला सांगा. एकदम ओतलं की चिखल होतो आणि तो मुलगा 'मला जमतच नाही' म्हणून मोकळा होतो. दोष हाताचा नसून पाण्याचा आहे, हे तेव्हाच दाखवा आणि चमचाभर कोरडी कणीक घालून पुढे मळायला लावा.

इथे हमखास बिघडतं ते असं: ज्याला काम येतं तो दुसऱ्याच्या हातातून ओढून घेतो. 'दे, मी करते' किंवा 'सोड, मी उघडतो.' म्हणून नियम एकच, तोंडाने शिकवायचं, हात पाठीमागे. जोडीतल्या दोघांनी तिन्ही कामं स्वतःच्या हाताने केली, तरच गुण.