विमान रद्द? रिफंड घेण्याआधी थांबा

विमानतळावर पोचल्यावर फ्लाइट रद्द झाली, तर काउंटरवर घाईने रिफंड मागू नका. विमान वाहतूक नियामक डीजीसीएच्या नियमानुसार पर्यायी विमान की रिफंड, हे तुम्ही ठरवायचं. चेक-इनला हजर झालेल्यांना पर्यायी विमानाची वाट पाहताना खाणंपिणं मिळतं, गरज पडल्यास हॉटेल आणि तिथवरची ने-आणही. रिफंड घेतलात की ही वाट पाहणंच संपतं, आणि त्याबरोबर या सोयीही.

आधी कळवलंच नसेल, तर भरपाई वेगळी. मुंबई-दिल्लीसारख्या दोन तासांपेक्षा जास्त प्रवासाला १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली कमी रक्कम. म्हणजे हे दोन्ही मिळून ४,२०० झाले असतील, तर तेवढेच. धुक्यामुळे रद्द झालं, तर भरपाई नाही. बुकिंगमध्ये एजंटचा नव्हे, स्वतःचा मोबाइल नंबर द्या. संपर्क नीट नसेल तरी भरपाई जाते.