फॉलोअर्स वाढायचे थांबले? आधी गळती कुठे आहे ते शोधा

एखादी रील अचानक चालते, आठवडाभरात हजारो फॉलोअर्स येतात आणि मग आकडा जागचा हलत नाही. लगेच सल्ले सुरू होतात : रोज पोस्ट टाका, हॅशटॅग बदला. नेमकं कुठे बिघडलंय हे न बघता दिलेला सल्ला ऐकू नका.

इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समधून दर आठवड्याचे चार आकडे वहीत उतरवा : फॉलो न करणाऱ्या किती जणांपर्यंत पोस्ट पोहोचल्या, प्रोफाइल किती वेळा उघडलं गेलं, नवे फॉलो किती आणि अनफॉलो किती. जुने आकडे तिथे कायम दिसत नाहीत, म्हणून उतरवणं चुकवू नका.

तुलना उसळीच्या आधीच्या चार आठवड्यांशी करा. उसळीचे दिवस वगळाच, नाहीतर त्यांच्यापुढे प्रत्येक आठवडा पडलेलाच दिसेल.

आता साखळी तपासा. पोहोच घटली असेल, तर पोस्ट नव्या लोकांपुढे जात नाहीत. पोहोच आहे पण प्रोफाइल कुणी उघडत नाही, तर लोक बघून पुढे जातात. प्रोफाइल उघडून फॉलो न करताच परत जात असतील, तर रीलमध्ये दिसलं ते त्यांना प्रोफाइलवर सापडत नाही.

मी अडकलो ते यानंतर. पेन्सिलने डोळा कसा काढायचा, ही माझी रील खूप चालली होती. त्याआधी आठवड्याला पोहोच ३,०००, प्रोफाइल भेटी १५०, नवे फॉलो ३० आणि अनफॉलो ५ असायचे. उसळी ओसरल्यावर हेच आकडे ९,०००, ४५०, ९० आणि ८५ झाले. म्हणजे १०० भेटींमागे २० फॉलो, हे प्रमाण तसंच होतं. येणारे तिप्पट झाले होते, पण जवळपास तेवढेच जात होते. एकूण आकडा फक्त वजाबाकी दाखवतो, त्यामुळे मी दोन महिने पोहोच वाढवण्यात घालवले.

अनफॉलो दिसले की घाबरून विषय बदलू नका. आधी चार आठवडे त्यांचा कल बघा. ८५, ६०, ४०, २५ असे उतरत असतील, तर उसळीत आलेली गर्दी पांगते आहे. काही करू नका. आकडा तिथेच राहिला, तर रोजचे अनफॉलो लिहा आणि शेजारी त्या दिवशीची पोस्ट. माझे अनफॉलो निसर्गचित्रं टाकली त्या दिवशी वाढायचे, चेहऱ्यांच्या दिवशी नाही. लोक चेहरे शिकायला आले होते. मी निसर्गचित्रं वेगळ्या खात्यावर नेली आणि पाचव्या आठवड्यात अनफॉलो ३० वर आले.

एकाच पोस्टवरून मात्र निष्कर्ष काढू नका. तोच प्रकार निदान तीनदा टाकून बघा.