पाटोडी-रस्स्याचा भाव ठरवताना

तालुक्याच्या गावी फक्त घरपोच डिलिव्हरीचं किचन काढायचं असेल, तर आधी ॲप तिथे डिलिव्हरी देतं का ते पाहा, मग भांडी घ्या. मेन्यू चार-पाच पदार्थांचाच ठेवा.

पाटोडी-रस्सा चांगला प्रवास करतो, पण एका अटीवर: पाटोड्या आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत. एकत्र भरल्या तर अर्ध्या तासात पाटोड्या रस्सा पितात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "रस्सा कुठाय जी?" रस्स्याला घट्ट झाकणाचा, उष्णता सोसणारा पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा डबा घ्या. भरून, उलटा धरून हलवा. झाकणाच्या कडेला तर्री दिसली तर तो डबा नको. भाकरी फॉइलमध्ये गुंडाळली की वाफेनं ओली होते, म्हणून मिनिटभर निवू द्या आणि बटर पेपरमध्ये बांधा. भजी मेन्यूत नकोतच, मऊ पडतात.

आता हिशेब. समजा भाव १६० रुपये आणि ॲपच्या करारात कमिशन २५ टक्के. ४० रुपये कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७.२० रुपये. डबे-पिशवीचे १२ आणि किराण्याचे ५५ वजा केले की हाती ४५.८० उरतात. गॅस, मजुरी, भाडं त्यातूनच. त्यात २० रुपयांची सूट तुमच्या खिशातून दिली आणि कमिशन उरलेल्या १४० वर लागलं, तर ३१.७० वर येता. सूट कोणाच्या खात्यातून जाते, हे ऑफर सुरू करण्याआधीच विचारून घ्या.